ब्रश मुलाच्या नव्हे, मोठ्यांच्या हाती द्या

आंबीतल्या अंगणवाडीत दातांचा पाठ घ्यायचा असेल, तर तो आई-बाबा आणि आजी-आजोबांना समोर बसवून घ्यावा. कारण आणि रीत अशी :

१. तीन-चार वर्षांचे मूल स्वतः ब्रश करते म्हणजे बहुतेक वेळ तो चघळते. मागच्या दाढा आणि आतली बाजू तशीच राहते. सात-आठ वर्षांपर्यंत ब्रश मोठ्यांनीच फिरवावा. मुलाला आधी ब्रशशी हवे तेवढे खेळू द्यावे, मग तो आपण हातात घ्यावा.

२. रीत सेविकेने एका मुलावर करून दाखवावी. मुलाचे डोके मांडीवर, तोंड वर. एका बोटाने ओठ उचलायचा. हिरडीलगत वरच्या पुढच्या दातांवर खडूसारखी पांढरी रेघ दिसली, तर ती किडीची सुरुवात. दुधाची बाटली तोंडात घेऊन झोपणाऱ्या मुलांत ती हमखास इथेच दिसते. रेघ अजून थोपवता येते. तपकिरी खड्डा पडला की दवाखाना गाठावा लागतो.

तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, पुढे वाटाण्याएवढी, फ्लोराइड असलेली. लहान मुलांच्या काही पेस्टमध्ये ते नसतेच, म्हणून वेष्टन वाचावे. घासून झाले की थुंकायचे. खळखळून चूळ भरली तर फ्लोराइड धुऊन जाते. आजीची मिश्री मुलाच्या हिरडीला लावू नये, ती भाजलेली तंबाखूच आहे.

३. ब्रश करताना म्हणायचे गाणे सकाळच्या सूर्याचे नको, ब्रशच्या वाटेचे हवे. हे चालेल :

वरती वरती गोल गोल गोल,
खालती खालती गोल गोल गोल,
आतली बाजू हळूच झाड,
पुढे-मागे घास रे दाढ!

एकेक ओळ अर्धा मिनिट घोळवली की दोन मिनिटे होतात.

४. ब्रश केल्याची नोंद ठेवायच्या घरच्या तक्त्यात रोज दोन चौकोन, सकाळ आणि रात्र. रात्रीचा मोठा, कारण झोपेत लाळ कमी होते आणि दातांना चिकटलेले गोड तसेच राहते. चौकोनात स्टार नको. ब्रश कोणी केला ते लिहावे : आई, बाबा, आजी. एमआयडीसीत दुसरी पाळी असलेल्या बाबांचे नाव रात्री येणारच नाही, मग ते सकाळी दिसावे. आठवडाभराचे चौकोन एकाच पेनाने, एकाच हाताने भरलेले दिसले तर तक्ता शनिवारी बसून भरला आहे हे सेविकेला कळतेच. रागावू नये, पण ओठ उचलून पाहावा.

५. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. त्यातून दर तीन महिन्यांनी प्रत्येक मुलाला छोट्या डोक्याचा, मऊ केसांचा ब्रश द्यावा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत तपासणीला येते, तेव्हा पांढरी रेघ दिसलेल्या मुलांची यादी सेविकेकडे तयार असावी. ग्रामपंचायतीत ठराव मांडताना एवढ्या दोन गोष्टी त्यात लिहून घ्याव्यात.