ऑपरेशन दोन-तीन तासांचं, सराव वर्षभराचा



कॉक्लियर इम्प्लांटबद्दल आपल्या वडीलधाऱ्या मंडळींकडून मला दोन वाक्यं वरचेवर ऐकायला मिळतात. एक, "ते लहान मुलांसाठी असतं, आता या वयात कशाला?" आणि दुसरं, मुलांच्या तोंडचं, "पप्पांचं एकदा ऑपरेशन झालं की सुटलो." माझ्या मते दोन्ही चूक आहेत, आणि दुसरं जास्त नुकसान करतं.

आधी मशीन आणि इम्प्लांट यांतला फरक समजून घेऊ. कानाचं मशीन आवाज मोठा करतं, एवढंच. आपल्या आतल्या कानात गोगलगाईच्या शंखासारखा एक अवयव असतो. त्यातल्या केसांसारख्या बारीक पेशी आवाजाचं रूपांतर विजेच्या संदेशात करून नसेकडे पाठवतात. त्या पेशीच मेल्या असतील, तर आवाज कितीही मोठा केला तरी शब्द फुटत नाहीत. "ऐकू येतं गं, पण कळत नाही," ही जी तक्रार असते ना, ती इथली. इम्प्लांटमध्ये या मेलेल्या पेशींना वळसा घालतात. शंखाच्या आत एक बारीक तार सरकवतात. तिच्यावर १२ ते २२ विद्युत-टोकं असतात आणि ती नसेला थेट संदेश देतात. बाहेर, कानामागे, प्रोसेसर बसतो. तो आवाज पकडतो आणि डोक्याच्या कातडीला लोहचुंबकाने चिकटलेल्या चकतीतून आत पाठवतो.

हे कोणाला मिळू शकतं? वयाची वरची मर्यादा नाही. ऐंशी ओलांडलेल्यांवरही ही शस्त्रक्रिया होते. भूल सोसण्याइतकी तब्येत हवी, ऐकण्याची नस शाबूत हवी, कानात जंतुसंसर्ग नको, आणि ऐकलेल्याचा अर्थ लावण्याइतकी बुद्धी जागेवर हवी. मोठी अडचण पूर्वी होती ती मेडिकेअरच्या परीक्षेची. पेशंटला आवाजबंद खोलीत, नीट बसवलेली मशीनं कानांत घालून, रेकॉर्ड केलेली वाक्यं साध्या बोलण्याइतक्या आवाजात ऐकवतात. ऐकलं तेवढं म्हणून दाखवायचं. जुन्या नियमाप्रमाणे ४० टक्क्यांपेक्षा जास्त बरोबर आलं की मेडिकेअर पैसे देत नसे. २६ सप्टेंबर २०२२ पासून ही रेषा ६० टक्क्यांवर आली. पूर्वी ज्यांना "तुमचं अजून तेवढं बिघडलेलं नाही" म्हणून परत पाठवलं, त्यांतले बरेचजण आज बसतात. पण ही गोष्ट त्यांना कोणी फोन करून सांगितलेली नाही.

माझ्या माहितीतले न्यू जर्सीचे एक गृहस्थ आहेत, त्यांना आपण नाना म्हणू. वय ७८. उजवा कान पंधरा वर्षांपासून जवळजवळ निकामी, डाव्या कानात मशीन. २०२१ साली परीक्षेत ४६ टक्के आले, म्हणून नकार मिळाला. ते घरी बसले. मग फोन घ्यायचे बंद झाले, लग्नकार्यात कोपऱ्यातली खुर्ची धरू लागले. २०२३ मध्ये मुलीने पुन्हा नेलं, तेव्हा ४४ टक्के. फारसा फरक नव्हता, पण नियम बदललेला होता. कानाचं स्कॅन झालं, न्यूमोकॉकसची लस झाली. ही लस ऑपरेशनच्या निदान दोन आठवडे आधी घ्यावी, कारण इम्प्लांट असलेल्यांना मेनिंजायटिसचा धोका थोडा वाढतो.

कोणता कान करायचा, यावर घरात वाद झाला. डॉक्टरांनी उजवा, म्हणजे जास्त बिघडलेला कान निवडला. कारण ऑपरेशन केलेल्या कानात जी काही नैसर्गिक श्रवणशक्ती उरलेली असते ती बहुधा जाऊ शकते. डावा कान मशीनसह हाताशी राहिला. ऑपरेशन अडीच तासांचं, संध्याकाळी घरी. काही दिवस चक्कर आणि जिभेच्या एका बाजूला धातूसारखी चव. चवीची नस त्याच वाटेवरून जाते म्हणून असं होतं. बहुतेकांचं कमी होतं.

आता इथे लोकांची फसगत होते. ऑपरेशनच्या दिवशी काहीच ऐकू येत नाही. जखम भरल्यावर, साधारण दोन ते चार आठवड्यांनी, ऑडिओलॉजिस्ट बाहेरचा प्रोसेसर चालू करतात. नानांचा प्रोसेसर चालू झाला तेव्हा मुलीच्या बोलण्याऐवजी त्यांना टिकटिक आणि शिट्ट्या ऐकू आल्या. आठवड्याने माणसांचे आवाज आले, पण सगळे एकसारखे, पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखे. "यापेक्षा बहिरा बरा होतो," असं म्हणून ते तो ड्रॉवरमध्ये ठेवायला निघाले होते.

हे बिघाडाचं लक्षण नव्हतं. डझन-दोन डझन टोकं हजारो पेशींचं काम करू पाहतात. त्या नव्या संदेशाचा अर्थ मेंदूला शिकावा लागतो आणि त्याला महिने लागतात. सर्वांत जास्त सुधारणा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत होते, पुढे वर्षभर सावकाश चालू राहते. या काळात ऑडिओलॉजिस्टकडे अनेक फेऱ्या होतात. प्रत्येक टोकाला किती वीज दिली की आवाज जेमतेम जाणवतो आणि किती दिली की मोठा पण सोसवेल असा वाटतो, हे ते ठरवतात. त्याला मॅपिंग म्हणतात. इथे आपली माणसं भिडस्तपणे "ठीक आहे, ठीक आहे" म्हणतात. तसं करू नका. पातळी कमी बसवली गेली तर पुढचे दोन महिने शब्द पुसटच राहतात.

दिवसात दहा-बारा तास प्रोसेसर लावलेला हवा. पाहुणे आले की लावायचा असं चालत नाही. किती तास लावला याची नोंद प्रोसेसरमध्येच होते, तेव्हा ऑडिओलॉजिस्टला थाप मारून उपयोग नाही! शिवाय रोज थोडा वेळ चांगल्या कानातलं मशीन काढून फक्त नव्या कानाने ऐकायचं. नाहीतर मेंदू जुन्याच कानावर रेलून राहतो आणि नवा शिकत नाही.

आणि आता माझा खरा मुद्दा. मेडिकेअरच्या नियमातच लिहिलं आहे की पेशंट दीर्घ पुनर्वसनाला तयार असला पाहिजे. पण तो रोजचा सराव घरावरच येऊन पडतो, आणि सरावाची जी अ‍ॅप्स हाती देतात ती इंग्रजीत. नाना नोकरीत तीस वर्षं इंग्रजी बोलले, पण घरात, नानींशी, मराठीच. अ‍ॅप त्यांना इंग्रजी शब्दांच्या जोड्या ऐकवतं. त्यात 'ताट' आणि 'थाट', 'गडी' आणि 'घडी', 'दार' आणि 'धार' यांतला फरक कोण शिकवणार? इंग्रजीत हा फरक शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे त्या सरावात तो नसतोच. ल आणि ळ यांचंही तेच. म्हणून मी म्हणते, सराव मराठीतच करा, इंग्रजी नंतर किंवा सोबत.

नानींनी तो असा केला. पहिले दोन आठवडे फक्त आवाज ओळखणं: नळ, कुकरची शिट्टी, दाराची बेल. मग लांबी वेगळी असलेले शब्द: 'चहा', 'भाकरी', 'नारळपाणी'. कागदावर तिन्ही लिहून समोर ठेवायचे आणि त्यांतला एक म्हणायचा. नानांनी बोट ठेवायचं. बोलताना तोंडापुढे कागद धरायचा, म्हणजे ओठ वाचता येत नाहीत. हात धरू नका, आवाज दबतो. ओरडू तर मुळीच नका. ओरडलं की उच्चार वेडावाकडा होतो. तिसऱ्या महिन्यात ताट-थाट. मग नानींनी मासिकातला मजकूर वाचायचा, नानांनी दुसऱ्या प्रतीत बोट फिरवत जायचं, आणि त्या मध्येच थांबल्या की शेवटचा शब्द त्यांनी सांगायचा. रोज अर्धा तास. सहाव्या महिन्यात एकट्या उजव्या कानाला दहा सुटे शब्द ऐकवले तर पाच बरोबर यायचे. ऑपरेशनपूर्वी एकही येत नसे. वाक्यांत त्याहून चांगलं, कारण संदर्भ मदत करतो.

काय आलं नाही, तेही सांगते. आवाजाची उंच-नीच पट्टी इम्प्लांट नीट पोहोचवत नाही. "येतोस." आणि "येतोस?" यांत नाना अजून गोंधळतात, म्हणून नानी "येतोस का?" असं विचारतात. पार्श्वभूमीला गलका असला, उदाहरणार्थ किद्दुशनंतरचं जेवण, की निम्मं हातचं जातं. आणि सिनेगॉगमधली गाणी पूर्वीसारखी लागत नाहीत. ताल कळतो, चाल हरवते. ज्याचा जीव गाण्यात आहे त्याला हे आधी सांगायला हवं.

म्हणून ऑपरेशनच्या कागदावर सही करण्यापूर्वी मुलांनी डॉक्टरांइतकंच एकमेकांना विचारावं: रोज अर्धा तास कोण बसणार? दूर राहणारी मुलगी फोनवरून करू शकते, प्रोसेसरला फोन थेट जोडता येतो. पण नाव ठरलेलं हवं. कोणीच नसेल तर शस्त्रक्रियेआधीच स्पीच थेरपिस्ट शोधून ठेवा. ज्यांचं इंग्रजी बेताचं आहे त्यांनी परीक्षेच्या वेळीच तसं सांगावं, कारण वाक्य ऐकू आलं नाही की समजलं नाही, हे त्या आकड्यावरून कळत नाही. मेडिकेअरचे पैसे घेणाऱ्या हॉस्पिटलांनी दुभाषा फुकट द्यायचा असतो, तो मागून घ्या.

तपासणीला जावं की नाही, याचा एक साधा आडाखा ऑडिओलॉजिस्ट वापरतात. जुना रिपोर्ट काढून पाहा. चांगल्या कानाची सरासरी ६० डेसिबल किंवा त्याहून वाईट असेल आणि मशीनशिवाय सुटे शब्द ६० टक्के किंवा त्याहून कमी समजत असतील, तर इम्प्लांट करणाऱ्या केंद्राकडे चिठ्ठी मागा. वर्षानुवर्षं थांबू नका. कान जितका काळ आवाजावाचून राहतो, तितकं शिकणं अवघड होतं. मूळ मेडिकेअर कानाच्या मशीनचे पैसे देत नाही, पण इम्प्लांटचे देते. पार्ट बीमधला २० टक्के वाटा आपल्याकडे येतो. मेडिकेअर अ‍ॅडव्हांटेज असेल तर आधी मंजुरी घ्यावी लागू शकते.

बसवल्यानंतर चुंबकाखालची कातडी लाल झाली किंवा दुखू लागली, तर चुंबकाची ताकद कमी करून मागा. चांगलं येत असलेलं ऐकणं अचानक घसरलं तर आधी बॅटरी आणि तार पाहा, मग ऑडिओलॉजिस्टला फोन करा. ताप, प्रचंड डोकेदुखी आणि मान आखडली तर थेट इमर्जन्सी. इम्प्लांटचं कार्ड पाकिटात ठेवा आणि एमआरआयपूर्वी दाखवा, कारण आत चुंबक आहे. आणि रात्री झोपताना प्रोसेसर काढून ठेवला की त्या कानाने काहीही ऐकू येत नाही, म्हणून उशीखाली हादरे देणारा स्मोक अलार्म लावून घ्या.