विश्लेषण : नांदेड-उदगीरची खादी भेट द्यायची आहे? ती खरी आहे हे कसे ओळखाल आणि सूत कातणारीला काय मिळते?

सण जवळ आले की खादीच्या कुर्त्याचे कापड, रुमाल, सतरंजी किंवा टेबलावर ठेवायचा छोटा तिरंगा भेट देण्याची पद्धत नांदेड आणि लातूरमध्ये जुनीच आहे. पण ‘खादी’ लिहिलेले कापड हल्ली रस्त्यावरच्या गाड्यापासून मॉलपर्यंत सगळीकडे मिळते. किमतींत दुपटी-तिपटीचा फरक असतो. यातले खरे कोणते आणि दिलेल्या पैशांतून कारागिराच्या हातात किती पडते?

नांदेडचे नाव खादीशी का जोडले जाते?

स्वामी रामानंद तीर्थ आणि गोविंदभाई श्रॉफ यांच्या पुढाकारातून १९६७ मध्ये मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती नांदेडमध्ये उभी राहिली. देशात खादीचा राष्ट्रध्वज तयार करणारी केंद्रे मोजकीच आहेत. त्यांत कर्नाटकातील हुबळीबरोबर नांदेडचे नाव घेतले जाते. ध्वजाचे कापड लातूर जिल्ह्यातील उदगीरच्या केंद्रात विणले जाते, रंगाच्या प्रक्रियेसाठी ते अहमदाबादला जाते आणि ध्वजाची शिलाई नांदेडला होते.

३० डिसेंबर २०२१ रोजी ध्वजसंहितेत दुरुस्ती झाली आणि यंत्रावर बनलेल्या, पॉलिएस्टरच्या ध्वजांनाही परवानगी मिळाली. त्यामुळे खादीच्या ध्वजाला थेट स्वस्त स्पर्धक आला. ध्वज भेट द्यायचा असेल तर टेबलासाठी १५० बाय १०० मिलिमीटर हे प्रमाणित माप आहे. तो खादीचा आहे का, हे आता मुद्दाम विचारूनच घ्यावे लागते.

हातमाग आणि खादी एकच का नव्हे?

ग्राहकांचा सर्वाधिक गोंधळ इथेच होतो. खादीसाठी दोन अटी आहेत : सूत हाताने कातलेले हवे आणि कापड हाताने विणलेले हवे. हातमागाच्या कापडात विणकाम हाताचे असते, पण सूत बहुतेक वेळा गिरणीचे असते. ते कापड खोटे नसते, फक्त ते खादी नसते. पॉलीवस्त्र हा तिसरा प्रकार. त्यात पॉलिएस्टरची भेसळ नियमानुसार आणि उघडपणे असते, त्यामुळे ते सुरकुततही कमी. दुकानदाराने ते सांगून विकले तर तक्रारीला जागा नाही.

घरच्या घरी तपासता येते का?

काही प्रमाणात. कापड उजेडाकडे धरले की हातच्या सुतातील जाड-बारीकपणा उभ्या आणि आडव्या, दोन्ही धाग्यांत दिसतो, आणि तो कुठेही, कसाही येतो. गिरणीतही मुद्दाम गाठी असलेले सूत तयार करतात. पण त्यातल्या गाठी बहुधा ठरावीक अंतराने, एकसारख्या लांबीच्या दिसतात. वीतभर कापड नीट निरखले तर हा फरक डोळ्याला कळू लागतो.

धागा जाळून पाहण्याचा सल्ला सगळेच देतात. सुती धागा कागदासारखा जळतो आणि बोटांत चुरडणारी राख उरते, तर पॉलिएस्टर वितळून त्याची कडक गुठळी होते. या चाचणीतून एवढेच कळते की कापड सुती आहे. ते सूत चरख्यावर कातले की गिरणीत, हे जाळून कधीच कळत नाही. म्हणजे यंत्रमागावरचे शुद्ध सुती कापड या परीक्षेत अगदी सहज उत्तीर्ण होते.

म्हणून कागद पाहणे जास्त भरवशाचे. २०१३ च्या नियमांनुसार खादी म्हणून विकल्या जाणाऱ्या मालासाठी ‘खादी मार्क’ लागतो आणि संस्थेकडे खादी आयोगाचे प्रमाणपत्र असावे लागते. दुकानावरची जुनी पाटी पुरेशी नाही. मुंबईत फोर्ट भागात १९५४ पासून चालणाऱ्या प्रसिद्ध खादी एम्पोरियमच्या संस्थेचे प्रमाणपत्र आयोगाने २०२२ मध्ये रद्द केले, कारण तिथे खादी नसलेला माल विकला जात असल्याचे आयोगाचे म्हणणे होते.

आणखी एक प्रश्न विचारावा : हे कापड कोणत्या केंद्रात विणले? खादी भांडारांत इतर राज्यांतील संस्थांचा मालही असतो. तो खरी खादी असू शकतो, पण ‘आमच्या मराठवाड्याचे कापड’ म्हणून पाहुण्याला द्यायचा असेल तर फरक पडतो.

किंमत कमी असेल तर कुठे पाणी मुरते?

इथे थोडे गणित उपयोगी पडते. सूत कातणाऱ्याची मजुरी गुंडीवर ठरते. एक गुंडी म्हणजे एक हजार मीटर सूत. १ एप्रिल २०२५ पासून खादी आयोगाचा दर गुंडीला १५ रुपये आहे.

आता कुर्त्याचे तीन मीटर कापड घेऊ. पन्हा ९० सेंटिमीटर आणि वजन चौरस मीटरला १३० ग्रॅम धरले, तर एकूण कापड साधारण ३५० ग्रॅम भरते. ३३ नंबरच्या सुताच्या एका किलोत ३३ गुंड्या बसतात, म्हणजे या कापडात साडेअकराच्या आसपास गुंड्या आहेत. तूटफूट धरून १२ म्हणू. नुसत्या कताईची मजुरी झाली १८० रुपये.

हेच तीन मीटर कोणी ‘खादी’ म्हणून अडीचशे रुपयांना देत असेल तर उरतात ७० रुपये. साडेतीनशे ग्रॅम कापसालाच पन्नास-साठ रुपये लागतात. मग उरलेल्या दहा-वीस रुपयांत विणकराची मजुरी, धुलाई, वाहतूक आणि दुकानभाडे भागवायचे! हे जमत नाही. एक तर ते हाताचे सूत नाही किंवा कोणाची तरी मजुरी बुडाली आहे. वजन आणि सुताचा नंबर बदलला की आकडे बदलतील, पण कापड हलके आणि सूत बारीक झाले म्हणून कताई फुकट होत नाही. बारीक सुताच्या एका किलोत गुंड्या जास्त भरतात.

गांधी जयंतीच्या सुमारास भांडारांत सूट लागते, तेव्हा ही कताई कापली जाते का? गुंडीची मजुरी सूत जमा होताना ठरते. विक्रीच्या वेळची सूट नंतरची, त्यामुळे जाहीर सवलतीत खरेदी करताना संकोच नको.

पण १५ रुपये न्याय्य आहेत का?

मार्च २०२३ पर्यंत गुंडीला साडेसात रुपये होते. एप्रिल २०२३ मध्ये १०, ऑक्टोबर २०२४ मध्ये साडेबारा आणि मग १५ झाले. दोन वर्षांत दर दुप्पट झाला, हे खरे. मात्र महाराष्ट्रात २०२५-२६ साठी रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. तेवढे मिळवायला कातणारीला २१ गुंड्या काढाव्या लागतात, म्हणजे २१ किलोमीटर सूत. जुन्या दराने हाच आकडा ४२ गुंड्यांच्या घरात जात होता. वीज, चरख्याची दुरुस्ती, पेळूचा दर्जा, मधल्या सुट्ट्या आणि घरकाम धरले तर रोज २१ चा पल्ला गाठणे सगळ्यांना जमेलच असे नाही. पेळू खराब आले की धागा सारखा तुटतो आणि त्या दिवसाची कमाई तिथेच घटते. गुंडीवर मजुरी ठरवण्याच्या पद्धतीत या तुटलेल्या धाग्याचा भार कातणारीवरच राहतो.