प्रथिने वाढवायची, पण पावडर न घेता. १७८ रुपयांची अदलाबदल कशी करायची?

ब्रेडपासून कुल्फीपर्यंत अनेक पाकिटांवर आता ‘हाय प्रोटीन’ असे ठळक छापलेले दिसते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मात्र २०२४च्या आहार मार्गदर्शक सूचनांमध्ये शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडर टाळण्याचा सल्ला दिला. मग ठरलेल्या खर्चातच प्रथिने आणि फायबर वाढवायचे कसे?

गरज किती?

संस्थेच्या २०२०च्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. ६५ किलोच्या पुरुषाला ५४ ग्रॅम, ५५ किलोच्या स्त्रीला ४६ ग्रॅम. घरात १३ वर्षांची मुलगी आणि ८ वर्षांचा मुलगा असेल, तर चौघांची रोजची गरज साधारण १६६ ग्रॅम होते.

अडचण नेमकी कुठे?

समजा, या घरात आठवड्याला ५ किलो गव्हाचे पीठ, अडीच किलो तांदूळ, पाऊण किलो तूरडाळ आणि ७ लिटर दूध येते. बेरीज केली तर प्रथिने गरजेच्या जवळपास भरतात. पण त्यातली सुमारे दोन तृतीयांश एकट्या पोळी-भातातून येतात. धान्याच्या प्रथिनात लायसिन हा घटक कमी असतो आणि तो डाळी-कडधान्यांतून भरून निघतो. म्हणूनच धान्य आणि डाळी-कडधान्यांचे प्रमाण ३:१ असावे, असे संस्था सुचवते. या घरात ते १०:१ आहे.

स्वस्त काय, हे कसे ओळखायचे?

किलोचा भाव पाहून फसगत होते. १० ग्रॅम प्रथिनांना किती रुपये पडतात, ते पाहावे. १४० रुपये किलोच्या सोयाबीन वड्यांत शंभर ग्रॅममागे सुमारे ५२ ग्रॅम प्रथिने असतात, म्हणजे १० ग्रॅमला तीन रुपयांहून कमी. ९० रुपये किलोच्या हरभऱ्यातून तेच सुमारे पाच रुपयांत मिळतात. सात रुपयांच्या अंड्यातून ११, तर ४०० रुपये किलोच्या पनीरमधून २१ रुपयांना. अडीच हजार रुपये किलोच्या पावडरचा हिशेब ३०च्या पुढे जातो. भाव गावोगाव बदलतील, पण क्रम सहसा असाच राहतो.

यादीत काय बदलायचे?

बिस्किटे, खारी आणि फरसाण १५० रुपयांनी कमी करायचे, तांदूळ अर्धा किलो कमी. वाचले १७८ रुपये. त्यात पुढील सामान येते:

- हरभरे अर्धा किलो: ४५ रुपये
- मटकी पाव किलो: ३० रुपये
- सोयाबीन वड्या २०० ग्रॅम: २८ रुपये
- शेंगदाणे पाव किलो: ३३ रुपये
- अंडी ६: ४२ रुपये

कमी केलेल्या वस्तूंतील प्रथिने वजा करूनही प्रत्येकाला रोज सुमारे ९ ग्रॅम प्रथिने आणि ६ ग्रॅम फायबर जास्त मिळते. दोन हजार कॅलरीच्या आहारात ३० ग्रॅमच्या आसपास फायबर हवे, हे पाहता ही वाढ लहान नाही. धान्य-डाळीचे प्रमाणही ४:१च्या जवळ येते. अंडी न खाणाऱ्यांनी त्याच पैशांत हरभरे किंवा मटकी वाढवावी.

आठवड्यात दोनदा हरभऱ्याची उसळ, एकदा मटकीची, दोनदा वड्यांची भाजी, उरलेल्या दिवशी वरण आणि अंडी, असे वाटप जमते. शेंगदाण्याचा कूट कोशिंबिरीत आणि भाजीत जातो.

चूक कुठे होते?

पहिली चूक पातळ वरणाची. ३० ग्रॅम कोरड्या डाळीत सुमारे साडेसहा ग्रॅम प्रथिने असतात. पाणी वाढवून तीच डाळ दोन वाट्यांत विभागली, तर प्रत्येक वाटीत निम्मीच राहतात. म्हणून वाट्या न मोजता कुकरमध्ये घातलेली डाळ मोजावी.

दुसरी चूक मोड आलेल्या कडधान्याचे वजन धरण्याची. मटकी भिजून दुपटीहून जड होते, पण वाढते ते पाणी. वड्यांचेही तसेच. हिशेब नेहमी कोरड्या वजनावर करावा.

तिसरी चूक पिठाची. बारीक चाळणीने चाळून कोंडा फेकला, तर गव्हातले बरेचसे फायबर त्याच्याबरोबर जाते.

कोणी जपून?

सगळी कडधान्ये एकाच आठवड्यात वाढवली, तर पोट फुगते, गॅस होतो. दर आठवड्याला एक वस्तू वाढवावी आणि पाणीही जास्त प्यावे. हरभरे रात्रभर भिजवून ते पाणी टाकून द्यावे आणि नव्या पाण्यात मऊ शिजवावेत. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिने वाढवू नयेत.