पत्रलेखन: एका चुकीचे गुण एकदाच कापा

औपचारिक पत्र तपासताना परीक्षक चार गोष्टी पाहतात: मांडणी, मजकूर, भाषेचा सूर आणि शुद्धलेखन. समजा, दहावीच्या मराठीच्या पेपरमध्ये रोपवाटिकेकडे रोपांची मागणी करायची आहे. विद्यार्थ्याने दिनांक, प्रति, विषय सगळे जागच्या जागी लिहिले. पण कोणती आणि किती रोपे हवीत, हेच राहिले. इथे गुण मजकुराचे जातील, मांडणीचे नाहीत. ‘रोपे ताबडतोब पाठवा’ हे वाक्य शुद्ध आहे, पण हुकूम वाटतो; म्हणून सुराचा गुण जाईल. ‘विनंती’ऐवजी ‘विनंति’ लिहिले, तर शुद्धलेखनाचा. एकाच चुकीसाठी दोन ठिकाणी गुण कापणे अन्यायाचे आहे. म्हणून कोणता गुण कशासाठी गेला, हे उत्तरपत्रिकेवर दिसायलाच हवे.