ओबी? आधी ‘प्रोव्हिजनल’ म्हणा!

डोकं फिरलेल्या माणसाला इंग्रज ‘डूलाली’ म्हणतात, आणि हा शब्द त्यांना दिला आपल्या देवळालीने! मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत इथल्या छावणीत महिनोन्‌महिने पडून राहिलेले गोरे सोल्जर म्हणे कंटाळून सटकायचे. आज देवळाली कॅम्पात सटकायचं असेल तर गोल्फ खेळा. त्यातही ओबी, म्हणजे आउट ऑफ बाउंड्स.

हद्द दाखवायला सहसा पांढरे खुंट असतात. दोन खुंटांच्या आतल्या कडा जोडणारी रेघ म्हणजे हद्द. अख्खा बॉल रेघेपलीकडे गेला, तरच ओबी. थोडासा जरी आत असेल, तर खुशाल खेळा. तुम्ही स्वतः पलीकडे उभे राहिलात तरी चालतं.

बॉल ओबी झाला, की एक पेनल्टी स्ट्रोक आणि जिथून मारला तिथूनच पुन्हा मारायचं. हरवला तरी तेच. शोधायला मिळतात फक्त ३ मिनिटं. २०१९ पूर्वी ५ मिळायची. आता तीनशे पावलं चालून गेल्यावर कळलं, की बॉल गायब! परत टीवर जाणार? मागे खोळंबलेले लोक काय म्हणतील?

म्हणूनच प्रोव्हिजनल. बॉल ओबी असेल किंवा हरवला असेल अशी शंका आली, की शोधायला निघण्याआधीच दुसरा मारून ठेवायचा. मात्र बॉल तळ्यासारख्या पेनल्टी एरियातच गेलाय हे पक्कं माहीत असेल, तर ही सोय नाही.

समजा, पार फोरवर तुमचा ड्राइव्ह उजवीकडे वळून झाडांत शिरला. तुम्ही प्रोव्हिजनल मारलात, तो फेअरवेवर. पहिला बॉल हद्दीच्या आत सापडला, तर प्रोव्हिजनल खिशात टाका, तो फुकट. तुमचा पुढचा शॉट दुसरा. पहिला ओबी निघाला, तर ड्राइव्ह एक, पेनल्टी दोन, प्रोव्हिजनल तीन. म्हणजे फेअरवेवरून तुम्ही चौथा मारणार.

गंमत पुढे आहे. मारण्याआधी ‘प्रोव्हिजनल’ हा शब्द सोबतच्यांना ऐकू जायला हवा, किंवा तोच अर्थ स्पष्ट व्हायला हवा. ‘थांब रे, अजून एक मारतो’ एवढं पुरत नाही. तेवढंच म्हणालात, तर दुसरा बॉल तुमचा खरा बॉल ठरतो. पहिला गवतात मस्त बसलेला सापडला तरी तो मेला. तुमचे तीन झालेत, पुढचा चौथाच. मोहाने पहिला मारलात, तर स्ट्रोक प्लेमध्ये चुकीचा बॉल खेळल्याचे आणखी दोन.

आणि प्रोव्हिजनल जास्त भारी पडला म्हणून तोच ठेवतो, असंही चालत नाही. पहिला आत आणि वेळेत सापडला, की तोच खेळायचा, मग तो कितीही वाईट झुडपात असो. मात्र पहिला जिथे असावा असं वाटतं, त्याच्या पुढे होलच्या बाजूला पडलेला प्रोव्हिजनल एकदा मारलात, की पहिल्याचा विषय संपला.

थोडक्यात काय, शंका असेल तर बोला. शब्द फुकट आहे, गप्प बसणं महाग!