वापराचा रकाना गाळला की मजुरी कापली जाते

कंत्राटी सफाई कामगारांच्या मजुरीची बोलणी चालू होती. कंत्राटदाराचा माणूस म्हणाला, "तुमच्याच तक्त्यात महागाई सरासरी ३६ टक्के निघते, तेवढी वाढ घ्या." म्हणजे ४०० रुपये रोजाचे ५४४. तक्ता खरोखर कामगारांचाच होता. एका घराचा महिन्याचा बाजार वहीच्या पानावर लिहून त्याचा फोटो पाठवला होता. भाव खरे होते, गणितही चुकलेले नव्हते. तरीही निष्कर्ष खोटा होता. तो कसा, हे आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला सांगता आले पाहिजे.

फोटोतला तक्ता असा (वापर, मूळ वर्षाचा भाव, आजचा भाव):

ज्वारी: २० किलो, ३० रु., ४८ रु.
तूरडाळ: ४ किलो, ९० रु., १३५ रु.
तेल: ४ लिटर, १०० रु., १५० रु.
साखर: ४ किलो, ४० रु., ४४ रु.
साबण: ६ वड्या, ३० रु., ३३ रु.

ज्वारी ६० टक्के महागली, डाळ आणि तेल प्रत्येकी ५०, साखर आणि साबण प्रत्येकी १०. या पाच आकड्यांची सरासरी ३६. यात वापराचा रकाना कुठेच आला नाही. ज्या घरात महिन्याला २० किलो ज्वारी लागते, तिथे ज्वारी आणि साबण यांना सारखेच मोजले गेले. भाकरी आणि वडी समान धरणे ही समता नव्हे, ती लबाडी आहे.

भारांकित निर्देशांक हीच लबाडी मोडतो. प्रत्येक वस्तूचा वापर आधी मूळ भावाने गुणायचा, मग आजच्या भावाने. मूळ भावाने हा बाजार ६०० + ३६० + ४०० + १६० + १८०, म्हणजे १७०० रुपयांचा होता. आजच्या भावाने तोच बाजार ९६० + ५४० + ६०० + १७६ + १९८, म्हणजे २४७४ रुपयांचा. २४७४ ला १७०० ने भागून १०० ने गुणले की १४५.५ येतात. महागाई साडेपंचेचाळीस टक्के. ही लास्पेअरची पद्धत, बारावीच्या अर्थशास्त्रात शिकवली जाते. या हिशेबाने रोज ५८२ रुपये व्हायला हवा. ५४४ रुपये घेणे म्हणजे जुन्या भावांत सुमारे ३७४ रुपयांवर येणे. "वाढ" म्हणून २६ रुपये कापून घेणे!

यावर दुसरा डाव ठरलेला असतो. "डाळ महागल्यावर तुम्ही चारऐवजी दोनच किलो घेता. बिल २२०४ झाले, म्हणजे खर्च तीसच टक्के वाढला." आम्ही ठणकावून सांगतो, हा भावांचा निर्देशांक नाही. इथे ताट कमी झाले, त्यालाच स्वस्ताई म्हटले जात आहे. आजचा वापर धरायचाच असेल तर तो दोन्ही वर्षांना धरा. ती पाशेची पद्धत. मग मूळ बाजारही १५२० रुपयांचा होतो आणि निर्देशांक १४५.० येतो. अर्धी डाळ सोडूनही महागाई जवळपास तेवढीच!

भार कोणाचे, हा प्रश्न सरकारी आकड्यांनाही विचारावा लागतो. २०१२ आधारवर्षाच्या ग्राहक किंमत निर्देशांकात अन्न व पेयांचा भार ग्रामीण भागात ५४.१८ होता, शहरी भागात ३६.२९. भाव तेच ठेवून फक्त भार बदलून पाहा. याच तक्त्यात ज्वारी ५ किलो, साखर ८ किलो आणि साबण २० वड्या धरल्या, तर निर्देशांक १३०.७ येतो. बाजार एकच, पण दोन घरांची महागाई दोन. शहरी मध्यमवर्गाच्या टोपलीने सफाई कामगाराची भूक मोजता येत नाही.

मात्र आपला तक्ताही पक्का हवा. फोटोवरून आकडे उतरवताना १ चा ९ होतो. तेलाचे १५० चुकून ९५० लिहिले तर निर्देशांक थेट ३३४ वर जातो आणि समोरचा आपल्याला हसतो. म्हणून आधी प्रत्येक ओळीत आजचा भाव मूळ भावाने भागून पाहावा. बाकीच्या ओळी दीडपटीच्या आसपास असताना एकच साडेनऊपट दिसली, तर मूळ वही मागवावी. एकक दोन्ही वर्षांना तेच आहे का, हेही बघावे. जुना भाव लिटरचा आणि नवा पाच लिटरच्या कॅनचा, ही चूक नेहमीची. शेवटी निर्देशांक सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त वाढलेल्या वस्तूंच्या मध्येच यायला हवा. इथे तो ११० ते १६० च्या मध्ये आहे. बाहेर गेला तर गुणाकार चुकला.

पाच वस्तूंचा तक्ता म्हणजे पूर्ण संसार नव्हे. भाडे, औषध, शाळा, प्रवास यात नाहीत. म्हणून मागणीपत्रात ते भरा, अनेक घरांचा वापर नोंदवा आणि प्रत्येक भावापुढे तारीख व दुकान लिहा. बोलणीच्या टेबलावर कोणी "सरासरी" म्हणाला की पहिला प्रश्न एकच विचारा: वापराचा रकाना कुठे आहे?