संत्र्याचा ताण आणि तीन प्रश्न

नागपूरच्या कृषी महाविद्यालयात यंदा प्रवेश घेतलेल्या मित्रांनो, ज्ञान, बुद्धी आणि शहाणपण यांतला फरक संत्र्याच्या बागेत चांगला दिसतो. आंबिया बहारासाठी हिवाळ्यात झाडांचे पाणी तोडतात. ताण बसला की वाढ थांबते, आणि पुन्हा पाणी दिल्यावर फुले येतात. हलक्या जमिनीत ताण लवकर बसतो, भारी काळ्या जमिनीत उशिरा. हे ज्ञान, ते पुस्तकातून मिळते आणि मिळवायलाच हवे. पण पाणी तोडूनही बागेच्या उतारावरच्या सखल ओळी हिरव्यागार राहिल्या, तर तिथे ओल कुठून येते, शेजारच्या पाटातून की डिसेंबरातल्या अवकाळी पावसातून, हे माती उकरून शोधणे बुद्धीचे काम. आता समजा, बुंध्यांवर डिंक्या दिसतो, पालवी विरळ आहे, मागच्या हंगामात फळांचा भार जास्त होता, आणि बाजारात भाव मात्र चढा आहे. ताण द्यावा का? हे ठरवणे शहाणपणाचे काम. कोणी म्हणेल, शहाणपण म्हणजे अधिक ज्ञानच. मला ते पटत नाही. अशक्त झाड ताणाने आणखी खचते हे दोन शेतकऱ्यांना सारखेच ठाऊक असते. तरी एक पाणी तोडतो, दुसरा बहार सोडून झाडे सावरू देतो. कर्जाचा हप्ता तोंडावर असेल तर पहिल्याला मूर्ख म्हणणेही चूक आहे. म्हणून सल्ला देण्यापूर्वी झाडाइतकीच त्या घराचीही विचारपूस करा.